कर्जाच्या कागदपत्रांच्या मराठी भाषांतरात अंक कोणते घ्यायचे, १२३ की 123?

भाषांतरू
नमस्कार मंडळी. एका वित्तसंस्थेचं काम हातात आहे. गृहकर्जाचा करार, केएफएस म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, आणि परतफेडीचं वेळापत्रक, असं सगळं इंग्रजीतून मराठीत आणायचंय. मी करार देवनागरी अंकांत केला, कारण शासकीय मराठी वाचून वाचून तीच सवय आहे. केएफएस दुसऱ्या एकाने केलंय, त्यात 0-9 आहेत. वेळापत्रक भाषांतराला येतच नाही, ते संस्थेच्या सॉफ्टवेअरमधून थेट छापलं जातं, अर्थातच 0-9 मध्ये. आता तपासणाऱ्या बाईंनी करार परत पाठवलाय, "सगळे अंक आंतरराष्ट्रीय करा" एवढाच शेरा. संस्थेच्या शैलीपत्रकात अंकांबद्दल एक ओळही नाही.

माझा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. कर्जदार गावाकडचा, मराठी वाचणारा. हे कागद त्याच्या हातात पडणार आणि उद्या वाद झालाच तर कोर्टातही जाणार. अशा वेळी काय धरावं? कोणाकडे पक्का नियम आहे का?

नियमावली
पक्का नियम आहे आणि तो राज्यघटनेतच आहे. कलम ३४३. देवनागरी लिपी, पण अंक मात्र आंतरराष्ट्रीय रूपातले. विषय संपला. गाडीवर मराठी नंबर लावून बघा, पावती फाटते की नाही! मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे, अक्षरं इंग्रजी आणि आकडे 0-9. मग करारात देवनागरी अंक कसे चालतील?

पक्का पुणेरी
वा! म्हणजे मजकूर मराठी आणि आकडे परके. उद्या म्हणाल अक्षरंही रोमन करा, टाइप करायला सोपी पडतात. मराठी दस्तात मराठी अंक, यात चर्चेला जागा आहे असं मला वाटत नाही. आमच्या आजोबांचं खरेदीखत मोडीत आहे, त्यातले अंक कोणाला अडले नाहीत.

दस्तलेखक
नियमावली, तुमचं अर्धं बरोबर आहे. कलम ३४३ संघराज्याच्या शासकीय कामकाजाबद्दल बोलतं, म्हणजे केंद्र सरकारच्या. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत अंकांवरून भरपूर खडाजंगी झाली आणि तडजोड म्हणून "भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप" असे शब्द आले. त्याच कलमात पुढे राष्ट्रपतींना पहिल्या पंधरा वर्षांपुरती देवनागरी अंकांनाही जोडीने परवानगी देण्याची मुभा ठेवलेली होती. २०१६ साली नव्या नोटांवर देवनागरी अंक आले, तेव्हा याच कलमाचा आधार घेऊन मद्रास उच्च न्यायालयात याचिका झाली होती. म्हणजे वाद होतो तो केंद्राच्या कागदांवर.

राज्याची भाषा ठरवण्याचा अधिकार कलम ३४५ ने विधानमंडळाला दिलाय. आपला राजभाषा अधिनियम १९६४ चा. राज्याच्या अधिनियमांचे मराठी पाठ उघडून बघा, कलमं देवनागरी अंकांत, सालं देवनागरी अंकांत. जमीन महसूल संहितेचा उल्लेखसुद्धा "१९६६ चा महा. ४१" असाच सापडेल. ते सगळं घटनाबाह्य आहे असं कोणी म्हणत नाही. आणि नंबरप्लेटचा नियम नंबरप्लेटपुरता. दोन खासगी पक्षांमधल्या कराराच्या मराठी भाषांतरात अमुकच अंक हवेत, असं यातलं काहीच सांगत नाही.

त्यामुळे भाषांतरू, कायदा तुम्हाला सोडवणार नाही. ठरवायचं ते वाचणाऱ्याची कुठे फसगत होईल हे बघून. करारातलं एखादं खरं वाक्य इथे टाकाल का? नावं-रकमा बदलून. हवेत बोलण्यापेक्षा त्यावर बोलू.

परदेशी पाखरू
माझाही हाच प्रश्न आहे. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत करून घेतला व्हिसासाठी. मूळ दाखला हाताने लिहिलेला, जन्मतारीख "१४". भाषांतर करणाऱ्याने १८ लिहिली. पासपोर्टवर १४ आहे. आता वकिलातीला काय सांगू? नोटरीचा शिक्कासुद्धा बसलाय त्यावर.

दस्तलेखक
तुमचा प्रश्न उलट्या दिशेचा आहे हो, मराठीतून इंग्रजीत. भाषांतर दुरुस्त करून नव्याने प्रमाणित करून घ्या. खाडाखोड करून त्यावर सही घेऊ नका. मूळ दाखल्याची स्पष्ट प्रत जोडा, आणि शाळेकडे जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात तारीख बहुधा अक्षरीही लिहिलेली असते.

पण तुमचा किस्सा इथे कामाचा आहे. देवनागरी ४ आणि इंग्रजी 8 यांचं रूप इतकं जवळचं आहे, की ज्याचा डोळा 0-9 ला सरावलाय तो ४ ला आठच वाचतो. तसंच देवनागरी १ आणि इंग्रजी 9. पूर्ण पान एकाच जातीच्या अंकांत असलं तर डोळा लगेच जुळवून घेतो. गोंधळ होतो तो एकाच पानावर दोन्ही आले की.

भाषांतरू
हे घ्या वाक्य. आकडे बदललेत, रचना तीच.

"कर्जदार प्रत्येक मासिक हप्ता दर महिन्याच्या ४ तारखेस भरील. विलंब झाल्यास कलम ८.४ नुसार, परिशिष्ट १ मध्ये दर्शविलेले दंडात्मक शुल्क लागू होईल."

आणि पहिल्या पानावर: "मंजूर कर्ज रक्कम रु. १४,७९,०००/- (अक्षरी रुपये चौदा लाख एकोणऐंशी हजार फक्त), कर्ज खाते क्र. …, आयएफएस कोड …". खाली संस्थेच्या सॉफ्टवेअरचं वेळापत्रक चिकटवलेलं: 04/07/2025, 04/08/2025, असं.

दस्तलेखक
उत्तम नमुना दिलात, यात सगळंच आहे.

"४ तारखेस" घ्या. कर्जदाराने करारात हे वाचलं, पान उलटलं, वेळापत्रकात 04/08. त्याच पानावर मागे-पुढे 0-9 चीच भरताड. अशा शेजारात "४ तारखेस" हे "8 तारखेस" वाचलं जाणं अगदी शक्य आहे. छापील प्रत स्वच्छ असेल तर एक वेळ नाही होणार. पण शाखेत हातात मिळते ती झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात ४ च्या वरची फट बुजली की झालाच आठ. माणूस आठ तारखेला पैसे ठेवतो, चारला ऑटो-डेबिट परत जातं, आणि दंडात्मक शुल्क कलम ८.४ खाली.

आता "कलम ८.४". करारातली कलमं वर्डच्या आपोआप क्रमांकाने पडली असतील तर मूळ इंग्रजी फाइलवरच काम केल्यामुळे मथळ्यात 8.4 दिसत असेल आणि वाक्यात तुम्ही हाताने ८.४ लिहिलं असेल. असं असेल तर संदर्भ दोन जातींचा झाला. क्रॉस-रेफरन्स फील्ड असेल तर तो मथळ्याचं रूप उचलतो. हाताने टंकलेला असेल तर नाही उचलत. हे एकदा तपासाच.

खाते क्रमांक आणि आयएफएस कोड याबद्दल तर वादच नको. हे आकडे वाचण्यासाठी नसतात, कुठेतरी जसेच्या तसे टाइप करण्यासाठी असतात. आयएफएस कोडमधलं पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं, ते देवनागरीत करून रोमन अक्षरांच्या मध्ये बसवलं तर काय दिसेल बघा: `ABCD०१२३४५६`. पॅनचंही तेच. हे `ABCD0123456` असंच राहिलं पाहिजे, बाकी दस्त कोणत्याही अंकांत असो.

पक्का पुणेरी
म्हणजे शेवटी 0-9 च. इतकं लांबण कशाला लावलं मग?

दस्तलेखक
नाही, थांबा. हा विशिष्ट संच 0-9 मध्ये जावा असं माझं मत आहे, कारण त्याचा निम्मा भाग यंत्रातून 0-9 मध्येच छापून येतो आणि तो तुमच्या-माझ्या हातात नाही. परवा मी एका जमिनीच्या दाव्याची कागदपत्रं केली, कैफियत आणि सोबत फेरफाराच्या जुन्या हस्तलिखित नोंदी. तिथे सगळं देवनागरी ठेवलं. गट क्रमांक, फेरफार क्रमांक, कलमं, तारखा. कारण ज्याच्याशी ताडून बघायचं तो मूळ कागदच देवनागरीत आहे, आणि न्यायाधीश नोंदीवर बोट ठेवून माझ्या कागदाशी जुळवणार. तिथे 0-9 केले असते तर हाच दोष उलट बाजूने आला असता.

थोडक्यात, दस्त ज्या कागदाशेजारी ठेवून वाचला जाणार, त्याचे अंक घ्या.

काउंटरपलीकडचा
मी कर्ज विभागात होतो, निवृत्त झालो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. केएफएसचं महत्त्व आता वाढलंय. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं, समजावून सांगायचं आणि समजल्याची पोच घ्यायची. त्यात नसलेलं शुल्क पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. म्हणजे केएफएसमधला आकडा आणि करारातला आकडा कर्जदार शेजारी ठेवून बघणारच, आणि त्याने बघावेतच. एकात ९.४०% आणि दुसऱ्यात 9.40% असेल तर फरक काहीच नाही. पण साठीचा माणूस शाखेत येऊन विचारतो, "साहेब, हे दोन वेगळे दर का?" मी अशी माणसं पाहिलीत. त्यांना गणित येत नव्हतं असं नाही. दोन कागद वेगळे दिसले की संशय येतोच.

दुसरी. आमच्याकडे मराठीत लिहिलेले चेक येत, देवनागरी अंकांत येत, शके दिनांक घातलेलेही येत. शके तारखेचा चेक त्या कारणाने परत करायचा नाही अशी रिझर्व्ह बँकेची सूचनाच होती. तेव्हा "बँकेत देवनागरी अंक चालत नाहीत" असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. नव्या पोराने देवनागरी आकड्याचा चेक पाहून कपाळाला आठ्या घातल्या तर तो त्याच्या सवयीचा प्रश्न.

आणि हो, अक्षरी रक्कम. इथे सगळे अंकांच्या रूपावर भांडताय, पण परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे आकडी आणि अक्षरी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरतात. कर्जासोबत वचनचिठ्ठी घेतलेली असते, तिला हे लागू. तुमच्या उदाहरणात एकोणऐंशी हजार आहे. भाषांतरात हटकून चुकणारी जागा हीच. ७९ ला एकोणऐंशी, ८९ ला एकोणनव्वद. पुढच्या दशकाचं नाव बघून लिहायचं असतं, आणि इंग्रजीत विचार करणारा माणूस सत्तरच्या घरात शोधतो. इथे चूक झाली तर दहा हजारांचा फरक पडतो, आणि तो वर छापलेल्या अंकांवर मात करतो.

नियमावली
कलम ३४३ फक्त केंद्रापुरतं, हे मान्य. पण मग राष्ट्रीयीकृत बँक म्हणजे केंद्रच ना? तिच्या कागदांना तरी आंतरराष्ट्रीय अंक सक्तीचे असायला हवेत.

दस्तलेखक
बँकेचा राजभाषा विभाग हिंदीच्या अंतर्गत पत्रव्यवहारासाठी आंतरराष्ट्रीय अंक धरतो, तिथे तुमचा मुद्दा लागू. पण ग्राहकाला दिलेलं मराठी भाषांतर हे संघराज्याच्या राजभाषेतलं कामकाज नव्हे. मी तरी त्यावर "घटनेनुसार" असा शेरा मारणार नाही. भाषांतरूंच्या तपासणाऱ्या बाईंनीही तो मारलेला नाही, ही चांगली गोष्ट.

कोडमोड
यंत्राच्या बाजूने थोडं. भाषांतरू म्हणतात वेळापत्रक सॉफ्टवेअरमधून 0-9 मध्ये येतं. ते तसंच येत राहील असं गृहीत धरू नका. युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसंचात मराठीचे ठरीव अंक देवनागरी आहेत, हिंदीचे मात्र 0-9. त्यामुळे कोणी पोर्टलची भाषा "मराठी" केली आणि प्रोग्रामरने बाकी काही सांगितलं नाही, तर असं होतं:

```
new Intl.NumberFormat('mr-IN').format(1479000)
// १४,७९,०००
new Intl.NumberFormat('mr-IN-u-nu-latn').format(1479000)
// 14,79,000
```

हिंदी पोर्टलवर 0-9 आणि मराठीवर देवनागरी, हे लोकांना बग वाटतं. तो बग नाही. पण संस्थेने काय हवं ते ठरवून प्रोग्रामरला सांगायला हवं, नाहीतर पुढच्या अपडेटला वेळापत्रकाचे अंक बदलतील आणि करार जुनाच राहील.

उलट दिशेलाही सावध राहा. जावास्क्रिप्टमध्ये `Number("१४७९")` केलं तर `NaN` मिळतं, पायथॉनमध्ये `int("१४७९")` बिनतक्रार 1479 देतं. म्हणजे तुमच्या मराठी फाइलमधून कोणी आकडे उचलून दुसरीकडे टाकणार असेल तर एका ठिकाणी चालेल, दुसऱ्या ठिकाणी नाही.

सरमिसळ शोधायला मजकूर साध्या एडिटरमध्ये उघडून रेगेक्स चालू करा आणि हे शोधा:

```
[0-9][०-९]|[०-९][0-9]
```

एकाच आकड्यात दोन जाती चिकटल्या असतील तर लगेच सापडतं. कळफलक मध्येच बदलल्यामुळे असं नेहमी होतं, आणि 1४ सारखं काहीतरी उमटतं जे वाचताना डोळ्याला दिसतच नाही. नंतर नुसतं `[०-९]` शोधून उरलेले एकेक बघा.

टंकनवीर
जुन्या फाइली असतील तर हे शोधणंही फसतं. युनिकोड नसलेल्या काही फॉन्टमध्ये पडद्यावर १४ दिसतात पण आत साठवलेले साधे 14 असतात. फॉन्ट बदलला की अंकांचं रूप पालटतं. त्यामुळे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग शोधाशोध. आणि रूपांतर केल्यावर रकमा मूळ छापील प्रतीशी ताडून बघा. कन्व्हर्टर अक्षरं नीट करतो पण अंकांकडे दुर्लक्ष करणारे कन्व्हर्टर मी पाहिलेत.

पक्का पुणेरी
यंत्राचं ठीक आहे. पण एक सांगा दस्तलेखक, "दस्त ज्याच्या शेजारी वाचला जाणार त्याचे अंक घ्या" म्हणता, तर यंत्र जे छापेल ते आपण मुकाट्याने स्वीकारायचं? कोडमोडने आत्ताच दाखवलं की वेळापत्रक देवनागरीत छापणं एका ओळीचं काम आहे. मग करार बदलायला सांगण्यापेक्षा संस्थेला वेळापत्रक बदलायला का सांगू नये? कर्जदार मराठी, करार मराठी, केएफएस मराठी. नुसती वेळापत्रकाची एक ओळ आड येते म्हणून बाकी सगळ्यांनी वाकायचं?

दस्तलेखक
हा मुद्दा खरा आहे, मी नाकारत नाही. संस्था तयार असेल तर तिन्ही कागद देवनागरीत, फक्त खाते क्रमांक, पॅन, कोड 0-9 मध्ये, हा संच मला जास्त आवडेल. तो वाचायलाही सुसंगत होईल. अडचण एकच, कर्जदाराला नंतर जे एसएमएस येणार, पासबुकात जे छापलं जाणार, ऑनलाइन खात्यात जे दिसणार, ते बहुतेक वेळा 0-9 मध्येच असतं. तेही शेजारीच वाचले जाणारे कागद. त्या सगळ्यांपर्यंत संस्था पोचेल का, हे तिला विचारल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

शासनाचेच निर्णय बघा ना. मजकुरातले अंक देवनागरीत, आणि शेवटी "त्याचा संकेतांक" म्हणून जो लांबलचक आकडा येतो तो बहुतेक वेळा 0-9 मध्ये, कारण तो संकेतस्थळावर टाकून शोधायचा असतो. कोणी ठरवून केलं की सोयीने झालं कोण जाणे, पण विभागणी बरोबर आहे.

काउंटरपलीकडचा
कलमांच्या क्रमांकांचं काय? माझ्या मते कलमं देवनागरीत आणि रकमा 0-9 मध्ये असं ठेवायला हरकत नाही. कलम कोणी टाइप करत नाही.

दस्तलेखक
मला ते पटत नाही. "कलम ८.४" आणि त्याच ओळीत "8.40%" आलं की पुन्हा तोच घोळ. शिवाय कर्जदाराने फोनवर "कलम आठ पॉइंट चार" सांगितलं आणि शाखेतल्या माणसासमोर इंग्रजी मूळ करार असला तर त्याला 8.4 लगेच सापडायला हवं. पण राज्याच्या अधिनियमाचा संदर्भ आला तर तो मी देवनागरीतच ठेवतो, कारण राजपत्रातला मराठी पाठ तसाच आहे. मग एका करारात दोन जाती झाल्याच, मी कबूल करतो. त्यावर सगळ्यांना मान्य होईल असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

भाषांतरू
सगळ्यांचे आभार. संस्थेला मेल पाठवलाय. त्यात दोन पर्याय ठेवलेत. एकात वेळापत्रक देवनागरीत छापणार असाल तर करार आहे तसा राहील आणि केएफएस बदलावं लागेल. नाहीतर वेळापत्रक आहे तसं ठेवून करार 0-9 मध्ये नेईन. दोन्हींत कोड आणि खाते क्रमांक रोमन अक्षरं आणि 0-9 मध्येच. "४ तारखेस" जिथे जिथे येतं तिथे "४ (चार) तारखेस" असं केलंय, त्यातलं अक्षरी "चार" दोन्हींत राहील. कोडमोडचं शोधसूत्र चालवलं तर परिशिष्टात दोन ठिकाणी सरमिसळ सापडली, दोन्ही दंडात्मक शुल्काच्या तक्त्यात.

परदेशी पाखरू
शाळेने उतारा द्यायला होकार दिला. एक विचारायचं राहिलं, रजिस्टरमध्ये तारीख अक्षरी "चौदा" आहे पण महिना फक्त आकड्यात आहे, "१", तोही पुसट. वरची गाठ दिसते, दांडी जेमतेम. जानेवारी धरायचा की सप्टेंबर?

दस्तलेखक
पासपोर्टवर काय आहे ते आधी सांगा. आणि त्याच रजिस्टरमध्ये मागच्या-पुढच्या ओळींत त्याच हाताने लिहिलेले १ आणि ९ शोधा. लिहिणाऱ्याची सवय त्यातून कळते.